एका वैद्येचे दोन बायोडाटा

नोकरीसाठी येणाऱ्या अर्जांसोबतचे बायोडाटा अलीकडे जाडजूड होत चालले आहेत. बीएएमएसच्या पदवीखाली अग्निकर्म, विद्धकर्म, नाडीपरीक्षा, गर्भसंस्कार, केरळीय पंचकर्म अशा दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळांची माळ असते. ती वाचून अर्जदाराला काय येते याचा बोध होत नाही, तो कोठे कोठे जाऊन आला एवढेच कळते. सखोलता आणि व्यापकता या दोन्ही गुणांना बाजारात मागणी आहे, परंतु त्या वेगवेगळ्या पदांना लागतात. हा भेद अर्जदारांइतकाच जाहिरात देणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावा, असे आम्हांस वाटते.

काही ठिकाणी प्रश्नच उद्भवत नाही. महाविद्यालयातील अध्यापकपदाला त्या त्या विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. तेथे वीस वर्षांची सर्वांगीण चिकित्साही त्या पदवीची जागा घेत नाही. खरी निवड करावी लागते ती खासगी रसशाळा, धर्मादाय रुग्णालये आणि पंचकर्म केंद्रे यांच्या पदांबाबत.

समजा, एक वैद्या आहेत. रसशास्त्र व भैषज्यकल्पना या विषयात एमडी, त्यानंतर दोन वर्षे एका रसशाळेच्या आसवारिष्ट विभागात काम आणि पुढे चार वर्षे तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना. त्यांच्यासमोर दोन जाहिराती आहेत : एका मोठ्या रसशाळेला गुणनियंत्रण विभागात आयुर्वेदतज्ज्ञ हवा आहे आणि एका ग्रामीण विश्वस्त रुग्णालयाला निवासी वैद्यकीय अधिकारी.

पहिल्या पदाची चौकट आखीव आहे. 1945 च्या औषधे नियमांतील अनुसूची ‘टी’ने गुणनियंत्रणासाठी आयुर्वेदतज्ज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ असे तिघे निरनिराळे अपेक्षिले आहेत. म्हणजे उरलेले ज्ञान शेजारच्या टेबलावर असणारच. या वैद्येकडून एकाच अंगाची खोली हवी. येथे ‘आसवारिष्ट निर्मितीचा अनुभव’ ही ओळ निरुपयोगी आहे. संधानाची किती पात्रे हाताखाली होती, थंडीत संधान मंदावले तेव्हा काय केले, पूर्णता कशी ठरवली, कोणती तुकडी आंबट झाली आणि कारण काय निघाले, हे लिहावे. पात्रातील आवाज थांबणे, धायटीची फुले तळाशी बसणे, तोंडाशी धरलेली जळती काडी न विझणे ही लक्षणे पाठ सर्वांनाच असतात. ती कोणत्या नोंदवहीत, कोणत्या क्रमाने टिपली, हे केवळ काम केलेला माणूसच सांगू शकतो. दवाखान्याची चार वर्षे मात्र मालकाच्या मनात शंका उत्पन्न करतील, की हात विसरला असेल. त्या काळात स्वतः अल्प प्रमाणात काढे, चूर्णे, अवलेह केले असतील तर ते नोंदवावे. केले नसतील तर ती चार वर्षे एका ओळीत प्रामाणिकपणे सांगून पुढे जावे.

दुसऱ्या पदावर रात्री एकटेच असावे लागते. सर्पदंश, तापाचे बालक, पडलेला वृद्ध, जे येईल ते पाहावयाचे. येथे व्यापकता हवी, पण ती प्रमाणपत्रांनी सिद्ध होत नाही. दवाखान्यात रोज साधारण किती रुग्ण होते, कोणत्या तक्रारी स्वतः हाताळल्या आणि कोणते रुग्ण कोणत्या लक्षणावरून तातडीने पुढे पाठविले, ही सीमारेषा ज्या बायोडाटात दिसते त्यावर विश्वस्तांचा भरवसा बसतो. सगळेच येते असे लिहिणारा अर्जदार आम्हांला तरी भयावह वाटतो! एमडी पदवी येथे तळाशी जावी, लपवू मात्र नये. ‘ही बाई सहा महिन्यांत रसशाळेत निघून जाईल’ या शंकेचे उत्तर अर्जाच्या पत्रातच दोन वाक्यांत द्यावे.

म्हणजे तथ्ये तीच, क्रम आणि विस्तार निराळा. यात लबाडी नाही. रुग्णाचे सर्व वृत्त घेऊनही पाठविण्याच्या चिठ्ठीत आपण शल्यतज्ज्ञाला जे लिहितो ते नेत्रतज्ज्ञाला लिहीत नाही.

पदनामावर मात्र विसंबू नये. चार कामगारांच्या लहान रसशाळेतील ‘उत्पादनप्रमुख’ हा नावाने विशेषज्ञ, कामाने सर्वकर्मी असतो. कच्च्या वनौषधी पारखून घेणे, तुकडीच्या नोंदी लिहिणे, लेबल तपासणे आणि औषध निरीक्षक आले की त्यांना सामोरे जाणे, हे सारे त्याच्याच गळ्यात पडते. केवळ भस्मांवर दहा वर्षे घालविलेला निष्णात वैद्य तेथे गुदमरतो आणि मालकही कष्टी होतो. हाताखाली आणि शेजारी कोण कोण आहे, हा एक प्रश्न मुलाखतीपूर्वी दूरध्वनीवर विचारला तर पदाचे खरे रूप उघड होते.

येथे औषधशाळांच्या मालकांनाही आमचे सांगणे आहे. ‘अनुभवी तज्ज्ञ हवा, सर्व विभाग सांभाळण्याची तयारी हवी’ असे एकाच जाहिरातीत लिहिल्यावर जाडजूड बायोडाटांचीच रास येणार. पद कोणते आणि दिवसाच्या आठ तासांतील किती तास कोणत्या कामाला जातील, हे दोन ओळींत छापले तर अर्ज कमी येतील, परंतु वाचण्याजोगे येतील.