पत्ता शेवटाकडून वाचावा

मैत्रिणींनो, फसव्या ईमेलबद्दल आपल्याला दोनच गोष्टी सांगितल्या जातात: स्पेलिंगच्या चुका शोधा आणि कुलपाचं चित्र बघा. माझ्या मते दोन्ही सल्ले आता निरुपयोगी झालेत. चोरही हल्ली नीट लिहितात. आणि कुलूप म्हणजे तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही, एवढंच. साइट कोणाची, हे ते सांगत नाही. चोराच्या साइटलाही कुलूप मिळतं.

खरं सांगतो तो पत्ता. समजा, "तुमची मेलची जागा भरली, आज लॉगिन करा" असा मेल आला. बटण दाबलं, तर हुबेहूब गूगलसारखं पान उघडलं. वर पत्ता असा (नाव मी उदाहरणासाठी रचलंय):

```
https://accounts.google.com.mail-seva.example/login
```

गूगलचं नाव दिसलं की आपण निश्चिंत होतो. पण हा पत्ता मागून वाचायचा असतो. `https://` सोडून पुढे या, पहिली तिरकी रेघ `/` आली की थांबा आणि तिथून डावीकडे वाचा. शेवटचे दोन तुकडे `mail-seva.example`. साइटचा मालक तो. त्याच्या आधी काय लिहायचं हे मालकाच्या मर्जीवर. घराला 'शनिवारवाडा' नाव दिलं म्हणून गाव पुणे होत नाही, तसंच. गूगलच्या खऱ्या लॉगिन पानावर रेघेच्या लगेच आधी `google.com` असतं.

आपल्याकडच्या काही पत्त्यांत शेवटी `co.in` असतं, तिथे तीन तुकडे वाचावे लागतात. बँकांचं मात्र सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना `.bank.in` वर जायला सांगितलं, आणि हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. पण तो रेघेच्या लगेच आधी हवा, मध्येच कुठेतरी नको.

फोनवर अडचण अशी की पट्टी लहान, पत्ता अर्धाच दिसतो. म्हणून पट्टीवर बोट ठेवून तो पूर्ण उघडावा. मेलमधली लिंक दाबून धरली तरी बहुतेक फोनवर पत्ता आधीच दिसतो. तरीही `rn` आणि `m` यांतला फरक बारीक अक्षरात चाळीशीनंतर कोणाला दिसणार? त्यामुळे मेलमधून लॉगिन करूच नये, ॲप स्वतः उघडून बघावं, असं माझं मत आहे. जागा खरंच भरली असेल तर तिथेही दिसेल.

आणखी एक. फोनमध्ये पासवर्ड साठवलेला असेल तर तो खऱ्या पत्त्यावरच आपोआप पुढे येतो. एरवी येणारा पासवर्ड आज आला नाही, तर हाताने टाइप करू नका, आधी पट्टीतला पत्ता बघा.