ठणकणारे बोट

मोहनखेड्याच्या परिसरात कपाशी वेचताना सुकलेल्या बोंडाचे टोक कुणाच्या बोटाच्या अग्रात रुतते. दोन-तीन दिवसांत बोट टणक फुगते व ठणक्याने झोप उडते. हे नखुरडे नव्हे. ते नखाच्या कडेस होते. येथे पू पेराच्या मांसल गादीत साठतो. तीत त्वचेपासून हाडापर्यंत तंतूंचे ताठ पडदे असल्याने पुवास पसरावयास जागा नसते. दाब वाढून बारीक रक्तवाहिन्या चेपतात. मग रक्तावाटे येणारे औषधही तेथे नीट पोचत नाही, आणि आतील हाड कुजू शकते. म्हणून बोट मऊ पडण्याची वाट न पाहता शल्यवैद्याकडून ते बधिर करवून, सर्वाधिक दुखऱ्या जागी छेद देववावा. घरची सुई मात्र नको. तिच्यामुळे पू सांध्यात उतरण्याचे भय असते.