शेख वस्ती नेमकी कोणती?



गेल्या हिवाळ्यात फजरच्या सुमारास नेवासा तालुक्यातून आमच्या खालूजानचा फोन आला. वजू करून उठताना खालाजान मोरीत घसरल्या होत्या आणि पाय हलवता येत नव्हता. आम्ही नगरहून फोनवरच एक गाडी ठरवली. चालकाला गावाचे नाव सांगितले आणि "शेख वस्ती" म्हटले. त्या गावात मुळा कालव्याच्या अलीकडे एक शेख वस्ती आहे आणि पलीकडे दुसरी. गाडी पलीकडच्या वस्तीवर जाऊन उभी राहिली. सगळीकडे ऊस, अंधार आणि विचारायला कोणी नाही. चालक म्हणाला, "सर, लोकेशन टाका." आम्ही घाईघाईने टाकले. पाच मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन आला, "सर, हे तर नगर शहर दाखवतंय!"

चूक आमचीच होती. आम्ही बसलो होतो नगरात, आणि मोबाईलने आमची जागा पाठवली होती, खालाजानची नाही. या घोळात पाऊण तास गेला. खुब्याचे ऑपरेशन झाले आणि अल्हमदुलिल्लाह, आज त्या वॉकर धरून अंगणात फिरतात. पण तो पाऊण तास आम्ही विसरलेलो नाही. पुढच्याच रविवारी आम्ही वस्तीवर गेलो आणि ओट्यावर बसून खालूजानना पिन टाकायला व आकडे वाचायला शिकवले. पुण्याच्या मुलाने घेऊन दिलेला तो त्यांचा पहिलाच स्मार्टफोन. त्यांना जसे शिकवले, तसेच इथे सांगतो.

आधी एक फरक लक्षात घ्या. Maps उघडले की नकाशावर एक निळा ठिपका दिसतो. मोबाईल जिथे आहे ती जागा म्हणजे निळा ठिपका. लाल पिन मात्र तुम्ही बोट ठेवाल तिथे पडते, मग तुम्ही स्वतः कुठेही असा. नगरात बसून नेवाशाच्या घरावर पिन टाकता येते. आम्ही त्या पहाटे हेच करायला हवे होते.

आता कृती. मोबाईलच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा आणि Location चालू करा. Maps उघडा. उजवीकडे खालच्या बाजूला नेम धरल्यासारखे गोल चिन्ह असते, ते दाबले की नकाशा निळ्या ठिपक्यावर येतो. ठिपक्याभोवती फिकट निळे वर्तुळ दिसेल. त्याचा अर्थ, "मी या वर्तुळात कुठेतरी आहे, नक्की कुठे ते मला सांगता येत नाही." पत्र्याखाली किंवा जाड भिंतींच्या आत हे वर्तुळ मोठे होते, कारण उपग्रहांचे संकेत नीट पोहोचत नाहीत. खालूजान घरात बसले होते तेव्हा वर्तुळात शेजारचा गोठाही येत होता. अंगणात येऊन अर्धा मिनिट थांबल्यावर ते लहान झाले.

तरीही ठिपक्यावर विसंबू नका, आपले छप्पर डोळ्यांनी ओळखा. उजवीकडे वर एकावर एक ठेवलेल्या दोन चौकोनांसारखे चिन्ह आहे. ते दाबून Satellite निवडा. आता नकाशाऐवजी वरून काढलेला फोटो दिसेल. दोन बोटांनी तो मोठा करा. हा फोटो आजचा नसतो, कधी कधी काही वर्षे जुना असतो. घर नवे बांधले असेल तर ते दिसणार नाही. मग विहीर, कालव्याचे वळण, मोठे झाड यांवरून जागा ओळखा.

छप्पर सापडले की त्यावर बोट टेकवा आणि तसेच दाबून ठेवा. पहिल्यांदा खालूजान टिचकी मारून बोट उचलत होते, त्यामुळे काहीच होत नव्हते. "बेटा, चूल्हे पर तवा देखते वैसा करा मैं," ते म्हणाले. मनात "एक, दोन" म्हणेपर्यंत बोट ठेवा. लाल पिन पडते आणि Dropped pin असे शब्द येतात. जवळ एखाद्या दुकानाचे किंवा मशिदीचे नाव लिहिलेले असेल तर कधी पिनऐवजी त्याच जागेची माहिती उघडते. तसे झाले तर फोटो आणखी मोठा करून नाव नसलेल्या जागी दाबा. पिन चुकीच्या जागी पडली तरी काही बिघडत नाही. बरोबर जागी पुन्हा दाबून ठेवले की ती तिकडे जाते.

पिन पडली की वरच्या शोधाच्या पट्टीत स्वल्पविरामाने जोडलेले दोन आकडे दिसतात. काही मोबाईलमध्ये त्यासाठी खालची माहितीची पट्टी वर ओढावी लागते. तिथेच इंग्रजी अक्षरे, आकडे आणि + चिन्ह असलेला एक लहान संकेतही असतो. तो वेगळा, त्यात गोंधळू नका. आपल्याला हवेत ते फक्त आकडे आणि दशांशचिन्ह असलेले दोन.

पहिला आकडा अक्षांश, म्हणजे आपण विषुववृत्ताच्या किती उत्तरेला आहोत ते. दुसरा रेखांश, म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या किती पूर्वेला ते. नगरच्या भुईकोट किल्ल्यावर पिन टाकली तर पहिला आकडा 19.09 ने आणि दुसरा 74.75 ने सुरू होतो. नेवासा त्याच्या उत्तरेला आहे, म्हणून खालूजानचा पहिला आकडा 19.5 ने सुरू झाला. पूर्ण आकडे इथे छापत नाही, ते त्यांच्या घराचे आहेत. तुम्हीही ते दर ग्रुपवर टाकू नका.

दशांशचिन्हाच्या पुढे सहा-सात अंक असतात, पण पाच लिहिले तरी पुरे. दुसरा अंक एकाने चुकला तर जागा सुमारे एक किलोमीटर सरकते, तिसरा चुकला तर शंभर मीटरच्या आसपास. पाचवा अंक जेमतेम मीटरभराचा आहे. म्हणजे सुरुवातीचा एक अंक चुकला तरी गाडी पुन्हा कालव्यापलीकडे जाईल.

म्हणून फोनवर आकडे सांगताना एकेक अंक सुटा सांगा. आपल्या घरात ५४ ला कोणी चोपन्न म्हणतो, कोणी चव्वन, आणि ऐकणारा तिसरेच काही लिहितो. "पाच, चार" म्हणा. दशांशचिन्हाच्या जागी "पॉइंट" म्हणा. पहिला आकडा संपला की "आता दुसरा" असे सांगा. मग समोरच्याला ते परत वाचायला लावा.

Share दाबून पिन पाठवता येते, मग आकड्यांची गरज काय? पाठवलेली पिन उघडायला समोरच्याकडे स्मार्टफोन आणि इंटरनेट लागते. वस्तीवर बहुतेक वेळा रेंज एवढीच असते की बोलणे होते. आकडे साध्या बटणाच्या फोनवरून सांगता येतात, एसएमएसने जातात आणि कागदावर लिहून ठेवता येतात.

लिहिलेले आकडे बरोबर आहेत का हे पाहायचा एकच मार्ग आहे. पिन काढून टाका आणि कागदावरचे आकडे शोधाच्या पट्टीत टाइप करा. अंक इंग्रजी, दशांशासाठी टिंब आणि दोन आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम. पिन आपल्याच छपरावर पडली पाहिजे. सवय व्हावी म्हणून आम्ही खालूजानना आधी हे आकडे टाकायला लावले:

```
21.4225, 39.8262
```

शोध दाबला आणि पडद्यावर काबा शरीफ आले. खालाजान वॉकर टेकत बघायला आल्या. मग आम्ही मुद्दाम आकड्यांची अदलाबदल केली, 39.8262 आधी आणि 21.4225 नंतर. पिन ग्रीस देशात जाऊन पडली. नगरच्या किल्ल्याचे आकडे उलटे टाकले तर नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात पोहोचतो. पिन अशी भलत्या देशात किंवा समुद्रात दिसली की समजा, क्रम उलटा झाला. आपल्याकडे लहान आकडा आधी, मोठा नंतर, एवढे लक्षात ठेवा.

आता वस्तीवरच्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरावरची पिन बरोबर असली तरी गाडी दारात येईलच असे नाही. नकाशा गाडीला पिनच्या सर्वांत जवळच्या, त्याला माहीत असलेल्या रस्त्यावर आणून सोडतो. तो रस्ता कालव्याच्या दुसऱ्या काठावर असेल, तर घर समोर दिसते पण मध्ये पाणी असते. आमची बैलगाडीची वाट नकाशात नव्हतीच. म्हणून आम्ही दोन पिना टाकल्या. एक घरावर आणि दुसरी डांबरी रस्ता सोडून वस्तीकडे वळतो त्या फाट्यावर. चालकाला आधी फाट्याचे आकडे द्यायचे आणि घरातल्या कोणीतरी विजेरी घेऊन तिथे उभे राहायचे. १०८ ला फोन केला तरी गाव, तालुका आणि जवळची खूण आधी सांगा. आकडे चालकाचा फोन आला की त्याला द्या.

खालूजाननी हे सगळे वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले. वर गाव आणि तालुका, खाली "फाटा" आणि त्याचे आकडे, त्याखाली "घर" आणि त्याचे आकडे. ते पान दाराच्या आत, नमाजच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवले. एक नक्कल आमच्याकडे आहे, एक पुण्याच्या मुलाकडे.

निघताना त्यांनी हळूच विचारले, "अब्बा के कबर पर भी लगती क्या पिन?" कबरीवर खूण नाही आणि त्यांच्यानंतर मुलांना ती सापडायची नाही, ही त्यांची काळजी होती. आम्ही खरे ते सांगितले. मोकळ्या आकाशाखालीही मोबाईलचा ठिपका तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होतो, आणि तेवढ्यात तर दोन-तीन कबरी येतात. उपग्रहाच्या फोटोतही कबर वेगळी ओळखू येत नाही. पिन कबरस्तानातल्या त्या कोपऱ्यापर्यंत नेईल. पुढे लिंबाच्या झाडापासून पावले मोजून ती वहीत लिहावी लागतील, आणि मुलांना एकदा सोबत नेऊन दाखवावी लागेल.

असरनंतर ते दोन्ही नातवंडांना घेऊन कबरस्तानाकडे गेले. वही बरोबर होती.

पुढच्या महिन्यात रेंज नसतानाही नकाशा दिसावा म्हणून आपला तालुका मोबाईलमध्ये कसा उतरवून ठेवायचा ते पाहू, इन्शाअल्लाह.