कीबोर्डखाली दडलेला रकाना

कडोदऱ्याच्या मिलमध्ये काम करणाऱ्या आपल्या खान्देशी मंडळींच्या मोबाईलवर हल्ली सगळेच फॉर्म आले. मराठीत पत्ता लिहायला घेतला की कीबोर्ड वर येतो आणि नेमका तोच रकाना झाकला जातो. मराठीत हे जास्त होतं, कारण सुचवलेल्या शब्दांच्या पट्टीसोबत बऱ्याच मांडण्यांत बटणांची एक ओळही वाढते.

अशा वेळी आंधळेपणाने टाईप करू नका. जीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये Preferences मध्ये जाऊन Keyboard height कमी करा, किंवा कीबोर्डच्या वरच्या मेनूतून Floating निवडून तो बाजूला सरकवा. फोन आडवा मात्र धरू नका, त्याने उरलेली जागाही जाते.

खरा घोळ शेवटच्या शब्दाचा. इंग्रजी अक्षरांत ‘palsana’ लिहून ‘पलसाणा’ मिळवत असाल, तर शब्दाखाली रेघ दिसते. रेघ आहे तोवर तो शब्द कच्चा आहे. ‘कडोदरा, ता. पलसाणा’ लिहून लगेच ‘सबमिट’ दाबलं, तर काही अ‍ॅपमध्ये तालुका गळतो, नाहीतर इंग्रजीतच जातो. म्हणून शेवटी एकदा स्पेस दाबा, रेघ गेलेली बघा, मग बॅकने कीबोर्ड खाली करून अख्खा पत्ता वाचा. आधी लिहिलेलं बहुधा तसंच राहतं.

टाईप करताना अक्षरं मागाहून उमटतात, मात्रा दोनदा पडते, कर्सर उडी मारून सुरुवातीला जातो, असं झालं तर आधी दोष कुणाचा ते पाहा. तेच वाक्य नोट्समध्ये लिहा. तिथेही अडखळलं तर कीबोर्ड किंवा फोनच दमलाय. फोनच्या सेटिंगमधून जीबोर्डची Clear cache करा. शेजारचं Clear data दाबू नका, कीबोर्डने शिकलेले तुमचे शब्द पुसले जातील. नोट्समध्ये सुरळीत चाललं, तर दोष अ‍ॅपचा. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, पण फोनच्या लेखी त्यात दहा खुणा आहेत. अ‍ॅप दर खुणेला मजकूर तपासून पुन्हा लिहीत असेल, तर कच्चा शब्द मध्येच तुटतो. अ‍ॅप दुरुस्त करणं तुमच्या हातात नाही, पण वाट काढता येते. नोट्समध्ये लिहा, कॉपी करा, रकान्यात पेस्ट करा.

आणि तक्रार जरूर करा. अँड्रॉइड १५ साठी नव्याने बांधलेलं अ‍ॅप आता पडद्याच्या कडेपर्यंत पसरतं, आणि बनवणाऱ्याने कीबोर्डची जागा मोजली नसेल तर रकाना त्याखाली जाऊ शकतो. तेव्हा नुसतं ‘अ‍ॅप चालत नाही’ लिहू नका. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचा आकडा, कीबोर्डचं नाव आणि कीबोर्ड उघडा असतानाचा स्क्रीनशॉट पाठवा. स्क्रीनशॉटमधला मोबाईल नंबर आधी झाका.