रेटिंग कमी आलं? आकड्याशी भांडू नका, घटना मागा



एप्रिल-मे आला की मला एक ठरावीक फोन येतो. "सर, वर्षभर राबलो आणि हातात २ रेटिंग टेकवलं. आता बास झालं. उद्या राजीनामा टाकतो आणि आपला धंदा सुरू करतो."

आपल्या बॅचमधले बरेच जण अजून नोकरीत आहेत. सकाळी ऑफिस, रात्री धंद्याची तयारी. त्यामुळे हा विषय तुमचाही आहे. माझं मत सरळ आहे: अप्रेझलच्या मीटिंगमध्ये तुम्हाला जो आकडा सांगितला जातो, तो त्या खोलीत बहुतेक वेळा बदलत नाही. पण त्याच अर्ध्या तासात तुमच्या कामातली एखादी नेमकी उणीव तुम्हाला फुकटात कळू शकते. आपण तो अर्धा तास भांडून घालवतो.

मीसुद्धा घालवलाय. मी तेव्हा चाकणला एका कंपनीत होतो. रेटिंग कमी येणार याची कुणकुण लागली होती, म्हणून जाडजूड फाईल घेऊनच आत गेलो. सरांनी आकडा सांगितला आणि मी फाईल उघडली. हे काम मी केलं, ते मी केलं, आणि शेजारच्या टेबलवाल्याने काय केलं ते सांगा! वीस-पंचवीस मिनिटं हेच चाललं. शेवटी सर म्हणाले, "बरं, बघतो." मी जिंकल्यासारखा बाहेर आलो. रेटिंग तेच राहिलं आणि माझं नेमकं काय चुकलं, हे मी विचारलंच नव्हतं.

आकडा आधीच का ठरलेला असतो?

आधी तुम्ही सेल्फ-अप्रेझल भरता. मग मॅनेजर आपलं रेटिंग टाकतो. मोठ्या आणि मध्यम कंपन्यांमध्ये त्यानंतर विभागप्रमुख एकत्र बसतात आणि सगळ्या टीमची रेटिंग्ज एकमेकांशी ताडून बघतात. कुठे याला नॉर्मलायझेशन म्हणतात, कुठे कॅलिब्रेशन. पगारवाढीचं बजेट ठरलेलं असतं, त्यामुळे सगळ्यांना ४ आणि ५ देता येत नाही. काही ठिकाणी तर किती टक्के लोकांना कोणतं रेटिंग द्यायचं हेही ठरलेलं असतं. यालाच लोक बेल कर्व्ह म्हणतात. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली, पण आपल्याकडे अनेक ऑफिसांत ती या ना त्या रूपात चालूच आहे.

म्हणजे तुमच्यासमोर बसलेला माणूस बऱ्याचदा निकाल ठरवत नसतो, ठरलेला निकाल वाचून दाखवत असतो. त्याच्याशी आकड्यावरून भांडलात तर तो फक्त बचाव करणार. पण तो आकडा ठरवताना त्याच्या डोळ्यासमोर काय होतं, हे मात्र त्याला पक्कं माहीत असतं. आपल्याला तेच काढून घ्यायचंय.

आपल्याच एका विद्यार्थिनीची मीटिंग

एका छोट्या उत्पादन कंपनीत ती पर्चेसला होती. खोके, लेबल, पॅकिंगचं सामान घ्यायचं काम. तिने त्या वर्षी खोक्यांचा रेट चांगला खाली आणला होता. पाचपैकी ४ तरी मिळेल अशी तिला खात्री होती. मिळालं २.

ती मला नंतर म्हणाली, "सर, कान गरम झाले, काही सुचेना." ते होणारच. तिने एकच गोष्ट बरोबर केली. डायरी उघडून आकडा लिहिला. लिहायला जे दहा-पंधरा सेकंद गेले, तेवढ्यात तोंडावर आलेलं पहिलं वाक्य मागे गेलं. मग ती म्हणाली, "सर, मला यापेक्षा जास्त अपेक्षा होती, वाईट वाटलं. पण मला हे नीट समजून घ्यायचंय."

बघा, वाईट वाटलं हे तिने लपवलं नाही. खोटं हसून "ओके सर" म्हणालात तर मॅनेजर सुटकेचा श्वास टाकून पाच मिनिटांत मीटिंग संपवतो.

सर म्हणाले, "मॅडम, तुमचा फॉलो-अप कमी पडतो." आता हे वाक्य म्हणजे नुसता शेरा. ओनरशिप कमी, प्रोॲक्टिव्ह नाही, हे सगळे शेरेच. शेऱ्यावर काम करता येत नाही, घटनेवर येतं. तिने विचारलं, "फॉलो-अप कमी पडला असं तुम्हाला वाटलं, अशा दोन घटना सांगाल का?"

सर जरा थांबले. म्हणाले, "दिवाळीच्या आधीचे खोके. गाडी भरायला लागली होती आणि खोके नव्हते. आणि जानेवारीतली लेबलं."

दोन्हींची उत्तरं तिच्याकडे तयार होती. खोकेवाल्याची मशीन बंद पडली होती, लेबलवाल्याने शब्द फिरवला होता. मोह आवरून तिने उलट विचारलं, "त्या वेळी मी काय करायला हवं होतं?"

आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. "माल उशिरा येतो, ते मला कळतं हो. पण उशीर होणार हे मला गुरुवारी संध्याकाळी कळलं. सोमवारी कळलं असतं तर मी दुसरीकडून खोके उचलले असते."

वर्षभर तिला वाटत होतं की तक्रार उशिरा आलेल्या मालाची आहे, आणि तो दोष व्हेंडरचा. सरांची तक्रार होती उशिरा आलेल्या बातमीची. तिने सफाई दिली असती तर हे वाक्य तिला कधीच ऐकायला मिळालं नसतं.

शेवटी तिने विचारलं, "पुढच्या तीन महिन्यांत काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की हे सुधारलं?" दोघांनी मिळून ठरवलं. दर सोमवारी सकाळी चालू ऑर्डरची यादी सरांना द्यायची. त्यात ठरलेली तारीख आणि व्हेंडरने आज सांगितलेली तारीख, दोन्ही शेजारी शेजारी. दोन दिवसांपेक्षा जास्त फरक दिसला तर त्याच दिवशी फोन. आणि खोक्यांसाठी एक पर्यायी व्हेंडर मंजूर करून द्यायचा, हे काम सरांचं. सुधारणेचा सगळा भार एकट्याने डोक्यावर घ्यायचा नसतो. तुम्हाला काय लागणार आहे, तेही त्याच बैठकीत मागा.

दुसऱ्या दिवशीचा मेल

बोललेलं हवेत विरतं. तिने दुसऱ्या दिवशी छोटा मेल टाकला:

"सर, कालच्या चर्चेबद्दल धन्यवाद. मला समजलेलं असं: दिवाळीचे खोके आणि जानेवारीची लेबलं, या दोन्ही वेळी उशिराची कल्पना तुम्हाला वेळेत मिळाली नाही. मी दर सोमवारी चालू ऑर्डरची यादी पाठवेन. खोक्यांसाठी पर्यायी व्हेंडरची मंजुरी मला तुमच्याकडून हवी आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५ मिनिटं बसून आढावा घेऊया का? माझ्या समजण्यात काही चूक असेल तर सांगा."

यात रेटिंगबद्दल एक अक्षर नाही, रडगाणं नाही. आणि पुढच्या मार्चमध्ये हाच मेल तिचा पुरावा होतो. मॅनेजरला शेवटचे दोन महिनेच जास्त आठवतात. जुलैत काय सुधारलं, हे लिहून ठेवलं नसेल तर ते गेलंच म्हणून समजा.

पुढच्या वर्षी तिला ३ मिळालं. गेलेली पगारवाढ परत आली नाही, खोटं कशाला सांगू? पण आज तिचा पॅकिंगचं सामान पुरवण्याचा स्वतःचा धंदा आहे आणि तिथेही सोमवारची यादी चालू आहे. फक्त फोन आता ग्राहकाला जातो: "साहेब, माल दोन दिवस लांबणार आहे." ही सवय नसती तर हाच धडा तिला ग्राहक गमावून शिकावा लागला असता.

कुठे गप्प बसायचं नाही

शांत राहायचं म्हणजे सगळं गिळायचं, असं नाही. वस्तुस्थितीच चुकीची असेल, म्हणजे तुमचं एखादं काम मोजलंच नाही, विक्रीचा आकडा चुकला, तर कंपनीत दाद मागायची जी पद्धत आणि मुदत असेल ती एचआरला विचारा आणि कागदपत्रांसह लेखी द्या. बाळंतपणाच्या रजेमुळे किंवा एखाद्या तक्रारीचा राग म्हणून रेटिंग कापलं असेल, तर तो विकासाच्या गप्पांचा विषयच नाही. तेही लेखीच मांडा. सिस्टीममध्ये स्वीकार करण्याचं बटण दाबण्याआधी ते "मिळालं" यासाठी आहे की "मान्य आहे" यासाठी, तेवढं वाचा. शेऱ्याची जागा असेल तर दोन ओळींत आपलं म्हणणं लिहा.

आवाज चढतोय किंवा डोळे भरून येतायत असं वाटलं, तर सरळ सांगा, "सर, मला दोन दिवस द्या. गुरुवारी परत बसूया का?" यात कमीपणा नाही. पण दिवस ठरवूनच उठा.

आणि दोनदा विचारूनही समोरून एकही घटना आली नाही, "बघू", "बजेट नव्हतं" एवढंच आलं, तर तेही उत्तरच आहे. तुमचं काम बहुधा त्या आकड्याचं कारण नाही. तिथे किती दिवस काढायचे, ते मग थंड डोक्याने ठरवा. पण अप्रेझलच्या रात्री राजीनामा टाईप करू नका. धंदा सुरू करायची तारीख तुमच्या शिल्लक पैशांनी आणि पहिल्या ग्राहकांनी ठरवावी, मॅनेजरवरच्या रागाने नाही.

तुमची मीटिंग जवळ आली असेल तर आज डायरीच्या एका पानावर तीन प्रश्न लिहून ठेवा. कोणत्या दोन घटना? तेव्हा मी काय करायला हवं होतं? तीन महिन्यांत काय दिसायला हवं? आत जाताना फाईल नेलीत तरी चालेल, पण आधी ते पान उघडा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.