न केलेल्या मदतीबद्दल

प्रिय ताई,

परवा एमएची पदवी घरी आली. आईने ती प्लास्टिकच्या पिशवीसकट देवासमोर ठेवली आणि मला म्हणाली, "त्या दुभाषी बाईंना एक पत्र टाक, किती मदत केली त्यांनी." पत्र लिहायला बसले, पण पहिल्याच ओळीत अडले. तुम्ही मदत केली म्हणजे नेमकं काय केलं? मला तर आठवतंय ते तुम्ही न केलेलंच. म्हणून या आठवड्याचं सदर तुमच्या नावावर.

बीएच्या पहिल्या वर्षी तुमच्यावर माझा राग होता. शाळेत बाई समोरच्याच्या ओठांवरून समजून घ्यायला लावत, हात हलवले की पट्टी बसे. ओठांवर पान, बाण, भान आणि मान सगळे एकसारखेच दिसतात. बारावीपर्यंत मी अर्धं वाचलेलं आणि अर्धं अंदाजाने लावलेलं शिकले होते. त्यामुळे इंटरप्रिटर मिळणार म्हटल्यावर वाटलं, आता कुणीतरी शेजारी बसून सोपं करून सांगेल. तुम्ही शेजारी बसलाच नाहीत. फळ्याला लागून, सरांच्या डाव्या हाताला खुर्ची ओढलीत, खिडकी पाठीशी येणार नाही अशी, म्हणजे तुमचा चेहरा काळा पडू नये. अंगात नेहमीचा गडद निळा कुर्ता. आणि सर जे बोलले तेच, कंटाळवाणं असेल तर कंटाळवाणं, माझ्यापर्यंत आणलंत. मागच्या बाकावरून कुणीतरी "मुकीला काय कळणार अर्थशास्त्र" म्हणालं, तेही आणलंत, चेहऱ्यावर त्याचंच कुत्सित हसू घेऊन. मी चिडून विचारलं, हे कशाला सांगितलं? तुम्ही म्हणालात, "बाकी सगळ्यांना ऐकू गेलं."

मग आली मागणीची रेषा. पहिल्या चाचणीत मी लिहिलं, किंमत वाढते तशी मागणी वाढते, आणि वर चढणारी रेषा काढली. पंचवीसपैकी सहा. सरांना वाटलं, पोरीला काहीच समजत नाही. आपण दोघींनी वही उघडून शोध घेतला तेव्हा कळलं. मागणीची रेषा डावीकडून वरून खाली उजवीकडे उतरते. तुम्ही ती हवेत तशीच काढत होतात, तुमच्या डावीकडून तुमच्या उजवीकडे. मी समोर बसलेली. मला ती आरशातल्यासारखी उलटी, म्हणजे वर चढणारी दिसायची. पुरवठ्याची रेषा मात्र उतरणारी. साइन करणाऱ्याची जागा मनातल्या मनात फिरवून घ्यायची आम्हाला सवय असते. घर कुठे, दुकान कुठे, हे मी सहज उलटवून घेते. पण फळ्यावरची आकृती सरळ आणि हवेतली उलटी, दोन्ही एकाच वेळी समोर असल्या की डोळा फसतो. त्या दिवशी ठरलं की आकृती हवेत काढायची नाही, फळ्यावरच्या रेषेकडे बोट करायचं आणि थांबायचं, मला तिकडे बघून परत यायला वेळ द्यायचा. सरांकडे जाऊन गुण वाढवून मागा, असं मी तुम्हाला सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात, "तू बोल, मी आवाज देते." गुण वाढले नाहीत. पण सर त्यानंतर फळा पुसायच्या आधी माझ्याकडे बघू लागले.

शब्दांचंही तसंच. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा पहिला शब्दकोश २०१८ मध्ये आला, तीन हजार शब्दांचा. त्यात अर्थशास्त्राचा अख्खा अभ्यासक्रम कसा मावणार? 'इलॅस्टिसिटी' हा शब्द इंग्रजीत दहा अक्षरांचा, आणि आमची इंग्रजी बोटाक्षरं दोन्ही हातांची. सर तो तासाला तीसेक वेळा म्हणत. तुम्ही दहा अक्षरं संपवेपर्यंत सर पुढच्या वाक्यात. मी म्हटलं, तुम्हीच एक खूण करून टाका ना. तुम्ही नाही म्हणालात. "भाषा तुमची, बहिऱ्यांची. खूण तुझ्याकडून यायला हवी, मी वापरीन." मी आधी रबर ताणल्याची खूण केली. दिसायला छान, पण मिठावर आपटली. मीठ महागलं तरी खप फारसा हलत नाही, मग रबर न ताणून दाखवायचं कसं? मग दोन हात घेतले: डावा किंमत, उजवा मागणी. डावा वर गेल्यावर उजवा किती खाली येतो, तेवढी लवचीकता. मिठाला उजवा जागचा हलत नाही, हॉटेलच्या जेवणाला धाडकन खाली येतो. ही खूण शोधताना मला ती संकल्पना पहिल्यांदा खरी कळली. तुम्ही आयती दिली असती तर मी ती पाठ केली असती.

दमलात की तुमचे हात नव्हे, भुवया आधी दमायच्या, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. या कामात वीसेक मिनिटांनी दुसऱ्या इंटरप्रिटरने जागा घ्यायची असते. दुसरी व्यक्ती आपल्याला मिळाली नाही. विभागात अर्ज फिरत राहिला आणि दोन तासांची सलग लेक्चरं तुम्ही एकट्याने काढलीत. आमच्या भाषेत हो-नाहीचा प्रश्न भुवया वर करून विचारतात. पाऊण तास झाला की त्या वर जायच्या बंद होत, आणि सरांचा "कर वाढवावा का?" माझ्या वहीत "कर वाढवावा" असा उतरे. मग मीच वहीत वेळ लिहायला लागले. पाऊण तासानंतरचं सगळं मैत्रिणीच्या नोट्सशी ताडून बघायचं. एकदा मी हात वर करून सरांना सांगितलं, दहा मिनिटं थांबू या. वर्गाने टाळ्या वाजवल्या, त्यांना चहा हवा होता.

आणि शेवटची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे न बघता तुम्हाला म्हणाले, "तिला विचारा, गिफेन वस्तू म्हणजे काय." त्यांचं चुकतंय हे तुम्ही त्यांना सांगू शकला असता. तुम्ही मला जसंच्या तसं सांगितलंत: 'तिला विचारा'सकट. मी साइन केलं, "सर, मी इथे आहे, मलाच विचारा," आणि तुमच्या तोंडून ते 'मी' म्हणूनच गेलं. ते गडबडले, मग माझ्याकडे वळले. या जोरावर मी ठणकावून उत्तर दिलं, महागडी घड्याळं, किंमत वाढली की मिरवायला म्हणून जास्त घेतात. तुम्ही तितकंच ठणकावून ते मराठीत सांगितलंत. भुवई हलली नाही. परीक्षकांची हलली. गिफेन म्हणजे गरिबाच्या ताटातलं स्वस्त धान्य: ते महागलं की त्याच्याकडे भाजी-दुधाला पैसे उरत नाहीत, म्हणून तो तेच धान्य आणखी घेतो. मी सांगितली ती भलतीच वस्तू. गुण गेले.

बाहेर जिन्यात मी तुम्हाला विचारलं, उत्तर माहीत होतं तुम्हाला?

"होतं की," तुम्ही म्हणालात. "पाच वर्षं मीही तीच लेक्चरं ऐकली."