आधी लग्न, मग पत्रिका!

दिवाळी अंक हाती पडला की घरातली निम्मी माणसे कथा-कविता ओलांडून आधी वार्षिक राशिभविष्याचे पान उघडतात. त्यात गैर काही नाही. सणासुदीला एवढी करमणूक कोणालाही माफ आहे. पण हेच राशिभविष्य शास्त्राचा अंगरखा घालून वैद्यकाच्या बैठकीत येऊन बसले, तर त्याला उठवायचे की नाही? माझे म्हणणे असे की, ते केव्हाच येऊन बसले आहे. आणि त्याला उठवण्याचा उपाय ठाऊक असूनही विद्वान मंडळी तो करताना कुचराई करतात.

राशींची गोष्ट मी रचलेली नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या 17,187 रोग्यांवर झालेल्या एका प्रचंड चाचणीचा निकाल 1988 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्यांना महिनाभर रोज 160 मिलिग्रॅम अॅस्पिरिन आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळायचे हे केवळ चिठ्ठीवर. पाच आठवड्यांत हृदय वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने अॅस्पिरिनवाल्या 8,587 पैकी 804 दगावले, दुसऱ्या गटातल्या 8,600 पैकी 1,016. अॅस्पिरिन प्राण वाचवते, हे लख्ख दिसले.

तेव्हा संपादकांनी सुचवले की, कोणत्या प्रकारच्या रोग्यांना गुण येतो आणि कोणत्या नाही, हेही वेगवेगळे गट पाडून दाखवावे. अशा तुकडेतोडीत केवढा धोका असतो हे जाणणाऱ्या रिचर्ड पीटो प्रभृती संशोधकांनी मग आणखी एक तुकडा पाडला: जन्मतारखेवरून ठरणाऱ्या राशींचा! निघाले काय? मिथुन आणि तूळ या राशींच्या रोग्यांत अॅस्पिरिन घेणारे 150 वारले, न घेणारे 147. म्हणजे गुण तर नाहीच, उलट किंचित अपाय. बाकीच्या दहा राशींना मात्र भरघोस लाभ! हा उपहास त्यांनी निबंधातच छापून टाकला आणि जगाला बजावले की, असे तुकडे पाडल्यावर हाती येते ते असले.

आता असे का होते ते पाहू. संशोधक एक कसोटी लावतात. औषध मुळीच निरुपयोगी असते, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याचा संभव किती? तो शंभरात पाचांहून कमी आला, की निकाल ‘लक्षणीय’ मानण्याचा प्रघात आहे. एकच प्रश्न आधी ठरवून एकदाच विचारला, तर ही कसोटी ठीक चालते. पण निरुपयोगी औषध बारा राशींवर बारा वेळा तपासून पाहा: निदान एका राशीत तरी फरक ‘लक्षणीय’ ठरण्याचा संभव पाचांवरून शंभरात 46 वर जातो! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी, यात नवल कसले, जर तुम्ही अरण्यातल्या साऱ्या फांद्यांवर पाळत ठेवून बसला असाल? आणि फांद्या का थोड्या असतात! वय, लिंग, वजन, तीन महिन्यांनंतरचे मोजमाप की सहा महिन्यांनंतरचे, हा रोगी धरायचा की गाळायचा... आकडा पाचाखाली येईपर्यंत असे पिळत राहण्याला ‘पी-हॅकिंग’ म्हणतात.

यावर कळस चढतो तो पुढे. मिथुन आणि तूळ या दोन्ही वायुतत्त्वाच्या राशी. एखाद्या चतुराने ‘वायुराशीच्या लोकांना अॅस्पिरिन मानवणार नाही, अशी आमची आरंभापासून अटकळ होती’ असे प्रस्तावनेत लिहिले की झाला सिद्धान्त तयार! तिसरी वायुराशी कुंभ. ती या सिद्धान्तात बसली नाही, तर तिचे नाव काढायचे नाही. आधी लग्न लावायचे आणि मग छत्तीस गुण जुळतील अशी पत्रिका लिहायची, त्यातलाच हा प्रकार. ज्या आकड्यांतून कल्पना सुचली, त्याच आकड्यांना तिची साक्ष काढायला उभे करणे म्हणजे फिर्यादीलाच न्यायाधीश करणे होय.

‘आम्ही एकही आकडा खोटा लिहिला नाही’ असा बचाव या मंडळींच्या ओठावर तयार असतो. अहो, नवस फेडायला देवळात येतात ते नवस फळलेलेच! ज्यांचा फळला नाही ते घरी बसतात. देवळात खोटे कोणी बोलत नाही, तरी मोजदाद खोटीच ठरते. नैराश्यावरील 12 औषधांचा असाच हिशेब 2008 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या औषधनियामकाकडे या औषधांच्या 74 चाचण्यांची दप्तरे होती. नियामकाच्या मते 38 अनुकूल. त्यांपैकी 37 छापून आल्या. उरलेल्या 36 प्रतिकूल किंवा संशयास्पद. त्यांतल्या 22 छापल्याच गेल्या नाहीत, 11 अनुकूल भासतील अशा रंगवून छापल्या, आणि सरळपणे छापल्या फक्त तीन. नियतकालिके वाचून औषध लिहून देणाऱ्या सालस डॉक्टरला वाटले, जवळजवळ प्रत्येक चाचणी यशस्वी झाली. प्रत्यक्षात निम्म्याच झाल्या होत्या. फसला तो डॉक्टर आणि भोगले ते रोग्याने.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. पैज निकालाआधी लावायची असते. पहिला रोगी घेण्यापूर्वीच प्रश्न कोणता, मुख्य मोजमाप कोणते, ते केव्हा घेणार, रोगी किती आणि गणित कसे करणार, हे सार्वजनिक नोंदवहीत तारखेनिशी लिहून ठेवायचे. अमेरिकेतील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने पैसा पुरवलेल्या मोठ्या चाचण्या 2015 साली कोणी तपासल्या. 2000 सालापूर्वी प्रसिद्ध झालेल्या 30 पैकी 17 चाचण्यांत मुख्य मोजमापावर लाभ दिसला होता. आधी नोंदणीचा दंडक आल्यानंतरच्या 25 पैकी फक्त दोहोंत! मधल्या काळात इतर गोष्टीही बदलल्या असतील. सारे श्रेय नोंदवहीचे, असे मी म्हणणार नाही. पण एवढी घसरण बोलकी नाही काय?

‘याने प्रतिभेला बेडी पडेल’ अशी ओरड होते. ती पोकळ आहे. मिळालेल्या आकड्यांत हवे तेवढे धुंडाळावे, नवी कल्पना सुचली तर उत्तमच. मात्र ‘ही मागाहून सुचली’ असे तिच्या कपाळावर लिहावे, आणि नव्या रोग्यांवर ती नव्याने पारखून घ्यावी. यात बेडी पडते ती प्रतिभेला नव्हे, लबाडीला.

खरी उणीव वेगळीच आहे. नोंदवही कोणी उघडली नाही तर ती व्यर्थ. ऑक्सफर्डच्या एका गटाने 2015-16 मध्ये पाच नामांकित नियतकालिकांतल्या 67 चाचण्या मूळ नोंदीशी ताडून पाहिल्या. 58 निबंधांत ठरवलेले मोजमाप गाळलेले किंवा न ठरवलेले गुपचूप घुसवलेले आढळले. संपादकांनी काय वाचले होते मग?

आपल्याकडेही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अशी नोंदवही 2007 पासून आहे, आणि 2009 च्या जूनपासून औषधचाचण्यांना ती सक्तीची आहे. ती कोणालाही फुकट पाहता येते. तेव्हा वाचकहो, ‘नव्या संशोधनाने सिद्ध झाले’ अशी बातमी वाचाल, तेव्हा दोनच प्रश्न विचारा. नोंद पहिल्या रोग्याच्या आधीची आहे की नंतरची? आणि आज ज्याचा डांगोरा पिटला जात आहे, ते मोजमाप त्या नोंदीत मुख्य म्हणून लिहिले होते का? उत्तर मिळाले नाही, तर ते संशोधन खुशाल राशिभविष्याच्या पानावर ठेवा. निदान तिथे कोणी त्यावरून औषध घेत नाही.